तेल आणि उटणं: हजार बाटल्यांची ऑर्डर देण्याआधीचे दहा महिने

११ ऑगस्ट २०२४, रविवार

मी आणि माझ्या जाऊबाई, अशा दोघी. घर कोल्हापुरात. दोनच वस्तू: १०० ग्रॅमचं उटणं आणि १०० मिलीचं केसांचं तेल (खोबरेल, थोडं तिळाचं, त्यात माका, जास्वंद, आवळा). गेली दोन वर्षं घरी करून नात्यात फुकट वाटत होतो आणि सगळे "विकायला काढा गं" म्हणत होते. फुकट घेणारा माणूस काहीही म्हणतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

विकायचं म्हणजे परवाना हवा. तो घरच्या ओट्यावर मिळत नाही, म्हणून परवाना असलेल्या कारखान्याकडून आपल्या नावाने माल करून घ्यायचा ठरवलं. अशा तीन ठिकाणी बोललो आणि तिघांचं उत्तर एकच आलं: कमीत कमी हजार नग. आम्ही विचारलं, हजार खपतील कशावरून? एक मालक हसून म्हणाले, "ते तुम्ही सांगायचं, मॅडम."

या नोंदी त्यासाठीच आहेत. महिन्याला किती नग खपतील, हा एक आकडा काढायचा आहे.

८ सप्टेंबर

चौथ्या कारखान्याने चाचणीचा छोटा घाणा करून द्यायचं कबूल केलं, अर्थात चढ्या दराने. उटणं १५ किलो, ६४० रुपये किलोने ९,६००. तेल १० लिटर, ७८० रुपये लिटरने ७,८००. डब्या-बाटल्या २५० नग ३,७५०. लेबलं डिजिटल छपाईने ३०० नग २,४००. एकूण २३,५५०.

हातात आल्या उटण्याच्या १४६ डब्या आणि तेलाच्या ९७ बाटल्या. भरताना सांडलवंड होते, भांड्याला चिकटून राहतं, ते धरून चाला. उटणं नगाला साधारण ८९ रुपयांना पडलं आणि तेल १०३ ला. छापील किंमत उटण्याला १६० आणि तेलाला २४०.

पहिली चूक लेबलावर झाली. आम्ही "केसगळती थांबते" असं लिहून पाठवलं होतं. कारखान्याच्या केमिस्ट बाईंनी ते उडवलं, कारण सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्यावर औषधाचा दावा चालत नाही. वाद घालण्यात आणि नवीन मजकूर ठरवण्यात सहा दिवस गेले. नशीब, छपाई झाली नव्हती.

२० ऑक्टोबर, रात्री

कोल्हापुरातलं दिवाळी प्रदर्शन, शुक्रवार ते रविवार. स्टॉलचं भाडं ७,५००.

उटणं ११२ गेलं! तेल २९. गल्ला २४,८८०. रविवारी संध्याकाळी चार वाजता एकावेळी तीन बायका पैसे पुढे करून उभ्या होत्या. घरी येताना जाऊबाई रिक्षातच हिशोब करत होत्या: एका प्रदर्शनात तीन दिवसांत ११२, वर्षाला अशी दहा प्रदर्शनं, म्हणजे हजार तर सहजच. मलाही पटलं. कारखान्याला उद्याच फोन करायचा असं ठरवून झोपलो.

२१ ऑक्टोबर

फोन केला नाही, तो मावशीमुळे. मावशी पंचवीस वर्षं मसाले आणि पापड विकते. आकडे ऐकून म्हणाली, "दिवाळीच्या तोंडावर उटणं विकलंस, म्हणजे गणपतीत मोदक विकलेस. फेब्रुवारीत कोण घेतंय ते सांग." आणि विचारलं, "नंबर घेतलेस का गिऱ्हाइकांचे?"

पहिल्या दिवशी घेतलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या स्टॉलवरचं बघून वही ठेवली. प्रत्येकीला "वापरून झाल्यावर एकदा फोन करून विचारलं तर चालेल का?" असं विचारलं आणि हो म्हणणाऱ्यांचेच नंबर लिहिले. उटणं घेतलेल्या ५८ आणि तेल घेतलेल्या २१ जणींचे आहेत. शुक्रवारचं सगळं गिऱ्हाईक हातचं गेलं. तुम्ही करत असाल तर वही पहिल्या तासापासून ठेवा.

२४ नोव्हेंबर, रविवार

नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला होऊन साडेतीन आठवडे झाले. शनिवार-रविवार बसून सगळ्यांना फोन केले.

उटण्याच्या ५८ पैकी ३९ जणींनी फोन उचलला. २१ जणींनी ते अभ्यंगस्नानाला वापरलं आणि डबी आता कपाटात आहे. ११ जणींनी भाऊबीजेला किंवा फराळाच्या डब्याबरोबर कुणाला तरी देऊन टाकलं, म्हणजे वापरणारी बाई कोण हेच त्यांना माहीत नाही. ७ जणी अजून आठवड्यातून एकदा-दोनदा लावतात. "छान आहे, नक्की घेईन" असं बहुतेक सगळ्याच म्हणाल्या. पण फोनवर कुणाला दुखवायचं नसतं, म्हणून "घेईन" हे आम्ही मोजायचं नाही असं ठरवलं होतं. त्याच फोनवर "पाठवा" म्हणून पैसे टाकणाऱ्याच मोजायच्या. तशा दोघी निघाल्या. ३९ मध्ये २.

तेलाच्या २१ पैकी १६ जणींनी उचलला. दहाजणींचं वापरणं चालू आहे. पाचजणींनी पैसे टाकून दुसरी बाटली मागवली.

तेव्हा प्रदर्शनात चौपट खपलेली वस्तू परत मागणाऱ्या २ आणि कोपऱ्यात पडून राहिलेली परत मागणाऱ्या ५. सोळा हा आकडा लहान आहे, त्यावर इमला बांधता येत नाही, पण वळण कुठे आहे ते कळलं. पुढचा सगळा तपास तेलाचा. उटणं दिवाळीपुरतं.

हजार डब्यांची ऑर्डर गेली असती तर आज त्या पलंगाखाली असत्या. पावसाळ्यात डाळीच्या पिठाला कीड लागते, ते वेगळंच.

२२ डिसेंबर, पुणे

पुण्याचं प्रदर्शन, गुरुवार ते रविवार. त्यासाठी तेलाचा आणखी एक १० लिटरचा घाणा केला होता, ९८ बाटल्या. स्टॉल २४,०००, जाणं-येणं आणि राहणं ६,५००. हे सविस्तर लिहिते, कारण इथे एकदम दोन गोष्टी फसल्या.

पहिली म्हणजे थंडी. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजायला लागतं, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. आम्हालाही होतं. पण आमची बाटली अरुंद तोंडाची, आतलं तेल थिजलं की थेंब बाहेर येत नाही, आणि गिऱ्हाइकाला आधी वास घ्यायचा असतो, थेंबभर हातावर चोळून बघायचं असतं. गुरुवारी सकाळी बाटल्या मेणासारख्या पांढऱ्या. एक आजी उलटी धरून म्हणाल्या, "हे तेल आहे का मलम?" दुपारी ऊन आल्यावर तेल सुटायचं.

यावेळी आम्ही दर तासाला दोन आकडे लिहीत होतो: स्टॉलपाशी थांबल्या किती आणि घेतलं कितीजणींनी. (मावशीची सूचना. ती काड्या मारते, आम्हीही काड्या मारल्या.) गुरुवार ते शनिवार, सकाळी बारापर्यंत ६२ जणी थांबल्या आणि एकीने घेतलं. रविवारी सकाळी जाऊबाईंनी लॉजवरून थर्मासात गरम पाणी आणलं आणि वासासाठी ठेवलेली बाटली व विक्रीच्या चार बाटल्या त्या पाण्यात उभ्या केल्या. त्या सकाळी २६ जणी थांबल्या, तिघींनी घेतलं. बारानंतर चारही दिवस मिळून ५४० थांबल्या आणि ७७ बाटल्या गेल्या, म्हणजे सातात एक.

काड्या नसत्या तर "पुण्याच्या बायका तेल घेत नाहीत" असं म्हणून आम्ही परत आलो असतो.

दुसरी फसगत किमतीची. जुन्या बाटल्यांवर २४० छापलं होतं, नव्यांवर मुद्दाम २९९ छापून घेतलं. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. उलट २९९ छापून "सुटीत २४०" असं लावलं, तर गिऱ्हाईक किमतीला हो म्हणतंय की सुटीला ते कळत नाही. म्हणून दोन वेगळी लेबलं. पहिले दोन दिवस २४० च्या ठेवल्या: ९ आणि १४ गेल्या. पुढचे दोन दिवस २९९ च्या: २७ आणि ३१ गेल्या. किंमत वाढवली आणि खप दुपटीच्या वर! जाऊबाई खूश. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की शनिवार-रविवारी गर्दीच दुप्पट असते. पन्नास-साठ रुपयांच्या फरकाबद्दल या आकड्यांतून काहीही कळत नाही. दिवस अदलून-बदलून ठेवायला हवे होते, ते आता हातचं गेलं.

एकूण ८१ बाटल्या, गल्ला २२,८६२. भाडं, प्रवास आणि मालाची किंमत धरून तोटा १६,००० च्या आसपास. याला मी शिकवणीची फी म्हणणार नाही, सोळा हजार म्हणजे सोळा हजार.

आणखी एक. थांबणाऱ्यांपैकी निम्म्या तरी "केसगळतीवर चालेल का?" असं विचारत होत्या. "तसं आम्ही म्हणू शकत नाही" असं म्हटलं की बऱ्याच पुढे निघून जायच्या. शेजारचे स्टॉलवाले बिनधास्त "शंभर टक्के" म्हणत होते. आमच्या मोजणीत हे गिऱ्हाईक नाही, आणि ते तसंच राहील.

५ जानेवारी २०२५

कारखान्याशी बोलून तेलाचं प्रमाण बदललं: खोबरेल निम्म्याहून जास्त होतं ते ३० टक्क्यांवर, बाकी तीळ. नमुन्याची बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवली. सकाळी गढूळ होती पण ओतता आली. तिळाचा वास जरा उग्र लागतो, म्हणून वाळा वाढवला.

याचा अर्थ नोव्हेंबरातल्या त्या पाच पुन्हा-मागणीवाल्यांचं मत आता या तेलाला लागू नाही. वस्तू बदलली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वैताग आला, पण थिजणारं तेल वर्षातले तीन महिने विकता येत नाही.

जुन्या ७३ बाटल्या उन्हाळ्यात फोनवरून घरगुती गिऱ्हाइकांना द्यायला बाजूला काढल्या.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

संक्रांतीच्या वाणाची भानगड. दोन सोसायट्यांच्या महिला मंडळांनी हळदीकुंकवासाठी उटण्याची २० ग्रॅमची पाकिटं मागितली, २४० नग, २२ रुपयांनी, पैसे आगाऊ. ५,२८० रुपये. डबी फोडून घरी पाकिटं भरणं नियमात बसत नाही, म्हणून कारखान्यातूनच भरून घेतली आणि प्रत्येकात फोन नंबरचं कार्ड घातलं, त्यावर "वाण" असा शब्द. तो शब्द लिहून पाठवला की पहिल्या डबीवर ३० रुपये कमी. म्हणजे फुकटात २४० घरांत नमुना पोचला, अशी आमची कल्पना.

(१६ मार्चला भर घातली: आजवर ४ जणींचा मेसेज आला. ऑर्डर १.)

वाणाचं पाकीट देणारी विकत घेते आणि दुसरीच घरी नेते. त्या घरी त्या पंधरा दिवसांत तशी आठ-दहा वाणं आलेली असतात: चाळणी, डबा, साबण, आरसा. पैसे चांगले मिळाले, पुढच्या वर्षीही घेऊ. पण मागणीच्या वहीत हे २४० लिहायचे नाहीत. ते वेगळ्या पानावर.

१६ फेब्रुवारी, रविवार

आता प्रदर्शनं बंद. आसपासच्या गावांतल्या दुकानांत माल जांगड ठेवायचा, विकलं तेवढ्याचेच पैसे, उरलेला परत.

नवा घाणा १५ लिटर, १४७ बाटल्या. निम्म्यांवर २४०, निम्म्यांवर २९९. सहा ठिकाणी प्रत्येकी १८ बाटल्या:

इचलकरंजीत कटलरीची दोन दुकानं, २४० ला. सांगलीत एक कटलरी आणि एक पार्लर, २९९ ला. गडहिंग्लजला एक कटलरी आणि एक पार्लर, २४० ला.

दुकानदाराला ३० टक्के. बाटलीच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका: इचलकरंजी लाल, सांगली गुलाबी, गडहिंग्लजच्या पार्लरला सोनेरी, कटलरीला जांभळा. तो कशासाठी ते पुढे येईलच.

१६ मार्च

चार आठवडे झाले, सगळीकडे जाऊन मोजून आलो.

इचलकरंजी: ५ आणि ६. सांगली कटलरी: ७. सांगली पार्लर: ५. गडहिंग्लज कटलरी: ३. गडहिंग्लज पार्लर: १८ पैकी १८.

आता यातली खोट. सांगलीच्या ७ बघून आनंद झाला, तर दुकानदार म्हणाले, "एक बाई आल्या आणि चार एकदम घेऊन गेल्या." वर्णन ऐकून कळलं की ती माझी मावसबहीण. तिला फोन केला तर म्हणाली, "अगं, तुझी सुरुवात चांगली व्हावी म्हणून." माया समजते, पण तिने माझा आकडा दुपटीहून फुगवला. ते ४ वजा, खरे ३. तुम्ही चाचणी करत असाल तर कुठल्या दुकानात माल आहे ते नात्यात सांगूच नका.

गडहिंग्लजच्या पार्लरची खोट उलट्या बाजूची. तिथे माल संपला होता अठराव्या दिवशी, आणि आम्ही गेलो अठ्ठाविसाव्या दिवशी. मधले दहा दिवस ताई "संपलंय" म्हणून बायकांना परत पाठवत होत्या. चार आठवड्यांत १८ म्हणून आठवड्याला साडेचार लिहिलं असतं तर चूक होती. माल होता त्या अठरा दिवसांत १८ गेल्या, म्हणजे आठवड्याला सात. रिकाम्या फळीवरून मागणी मोजता येत नाही. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी सांगून ठेवलं की चार बाटल्या उरल्या की मिस्ड कॉल द्या.

खरा खप सगळा मिळून ४०.

पार्लरमध्ये का खपतं ते अर्धा तास बसल्यावर कळलं. ताई डोक्याला मालिश करतात आमच्या तेलाने, बाई आरशात बघत निवांत असते, वास येत असतो, आणि उठताना विचारते, "कुठलं हो तेल?" कटलरीच्या दुकानात बाटली मागच्या फळीवर, पुढे टिकल्या-पिना. तिथे येणारी बाई टीव्हीवर बघितलेलं नाव घेऊनच तेल मागते. आमचं नाव तिला माहीत असायचं कारणच नाही.

३० मार्च, पाडवा

किमतीसाठी लेबलं १६ मार्चच्या फेरीतच अदलाबदल केली आहेत. इचलकरंजीत आता २९९, सांगलीत २४०. गडहिंग्लजला हात लावला नाही. एका गावात एकाच वेळी दोन किमती कधीही ठेवू नका, बायका एकमेकींना दाखवतात.

रिकाम्या बाटलीची योजनाही सुरू केली: रिकामी बाटली आणा, नव्या बाटलीवर २० रुपये कमी. प्लास्टिकची काळजी वगैरे नाही, खरं कारण मोजणी. बुडाचा ठिपका बघितला की कळतं कुठून घेतलेली बाटली संपवून बाई परत आली. नंबर विचारायला नको, फोन करायला नको.

१३ एप्रिल

दुसरे चार आठवडे: इचलकरंजीत दोन्ही मिळून ९ (२९९ ला, आधी २४० ला ११). सांगली कटलरी ४ (आधी ३), पार्लर ४ (आधी ५). गडहिंग्लज कटलरी ३, पार्लर १६.

इचलकरंजीत गिऱ्हाइकांनी दिलेले पैसे आधी २,६४०, आता २,६९१. दोन बाटल्या कमी जाऊन तेवढेच पैसे. सांगलीत किंमत उतरवूनही फारसं काही हललं नाही. आकडे इतके लहान आहेत की एका बाईने मत बदललं तरी उलटे होतील, पण ५९ रुपयांनी कुणी पळून जात नाही एवढं धरून चालायला हरकत नाही. यापुढे सगळीकडे २९९.

गडहिंग्लजच्या ताईंकडे माल सतत होता तरी आठवड्याला सातावरून चारावर आलं. पहिली नवलाई. जवळच्या बायकांनी एकदा घेऊन झालं. चार हाच आकडा वापरायचा, सात नाही.

खर्चाची बाजू: २४० च्या बाटलीवर दुकानदाराचे ७२ गेले की आपल्याला १६८, माल १०३, हातात ६५. गडहिंग्लजच्या कटलरीतल्या ३ बाटल्यांचे १९५ रुपये. तिथे जाऊन-येऊन दुचाकीला पेट्रोलच त्याहून जास्त लागतं. ते दुकान चालू आहे ते पार्लरला जातोच म्हणून.

१ जून, रविवार

मे महिन्यात चार नवी पार्लरं जोडली: कागल, आजरा आणि कोल्हापुरात दोन. गडहिंग्लजसारखीच सगळी असतील असं गृहीत धरून जाऊबाईंनी वहीत १६ गुणिले १५ पार्लरं असं लिहिलं होतं. चार आठवड्यांत प्रत्यक्षात ७, ५, २ आणि ०.

शून्यवाल्या पार्लरमध्ये बाटल्या कपाटात बंद होत्या. तिथे आधीच एका मोठ्या कंपनीचं तेल मालिशला वापरतात, आमचं कुणी उघडलंही नव्हतं. चूक आमची, मालिशसाठी वेगळी बाटली द्यायला विसरलो होतो. गडहिंग्लजला पहिल्या दिवशीच दिली होती. तरी हे शून्य मोजणीत ठेवलं आहे, कारण पुढच्या पार्लरांतही एखादं असं निघणारच.

आता रिकाम्या बाटल्या. पहिल्या महिन्यात गेलेल्या ४० पैकी आजपर्यंत परत आल्या १३. सोनेरी ठिपक्याच्या १८ पैकी ९, लाल ११ पैकी २, गुलाबी ८ पैकी २, जांभळी एकही नाही. बाटली संपून परत यायला साधारण सात आठवडे लागतात. काहीजणी बाटली फेकून देऊन नुसतीच दुसरी घेत असतील, म्हणजे खरा आकडा थोडा जास्तच. पण गडहिंग्लजच्या पार्लरमधली निम्मी गिऱ्हाइकं परत येतात आणि बाकी ठिकाणची साधारण पाचातली एक, हा फरक ठिपक्यांनी दाखवला. नुसत्या विक्रीवरून तो दिसला नसता.

१५ जून

हिशोबाला बसलो, एका महिन्याचा:

गडहिंग्लज पार्लर १६. बाकीच्या पाच पार्लरांची बेरीज १८ (सांगली ४ आणि नवी चार मिळून १४). कटलरीची चार दुकानं १६. फोनवरून थेट मागवणाऱ्या, गेल्या तीन महिन्यांच्या सरासरीने १५. आज हातात असलेला खप ६५.

आमच्या दोघींना आठवड्यातून दोन दिवस फिरून साधारण १५ पार्लरं सांभाळता येतील. गडहिंग्लज सोडून पार्लरामागे ३.६ धरले, तर चौदांचे ५०. म्हणजे सगळं जमलं तर ९७. जमेलच असं नाही, म्हणून ऑर्डर देताना ६५ धरायचे.

कारखान्याचा भाव: हजार बाटल्या घेतल्या तर नगाला ८२, तीनशे घेतल्या तर ९६ (खूप घासाघीस केल्यावर, आणि लेबलं आमची आम्ही छापून द्यायची). जाऊबाईंना ८२ सोडवत नव्हते. पण ६५ च्या वेगाने हजार बाटल्या संपायला पंधरा महिने लागतात आणि ८२,००० अडकतात. तीनशेला २८,८०० लागतात आणि साडेचार महिन्यांत माल फिरतो. महाग पडतंय ते ४,२०० रुपयांनी. शिवाय हे प्रमाण अजून एकही थंडी बघितलेलं नाही, फ्रिजमधली एक रात्र म्हणजे अख्खा हिवाळा नव्हे. डिसेंबरात काही गडबड निघाली, तर सातशे थिजलेल्या बाटल्या हातात नकोत.

तीनशेची ऑर्डर ठरली. उटणं फक्त सप्टेंबरात, १५० डब्या, दिवाळीआधी संपवायचं. उरलं तर मावशी म्हणते, "माझ्याकडे आणू नका."

२२ जून

ऑर्डरचे निम्मे पैसे भरले. संध्याकाळी गडहिंग्लजच्या ताईंचा फोन आला. लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला चालल्यात, पार्लर दीड महिना बंद. म्हणाल्या, "वैनी, बाटल्या शेजारच्या मेडिकलमध्ये ठेवू का?" नको म्हटलं, मालिश कोण करणार तिथे. त्यांच्याकडच्या ११ बाटल्या परवा जाऊन घेऊन येणार आहे. वहीत ६५ खोडून ४९ लिहिले, आणि कागलच्या ताईंना मालिशसाठी आणखी एक बाटली पाठवली.